दोन वर्ग, दोन चाचण्या : नर्सिंग शिक्षणातल्या अर्धप्रायोगिक अभ्यासाची घडण

एखाद्या नव्या शिकवण्याच्या पद्धतीमुळे विद्यार्थी खरोखर जास्त शिकले का, हे ठरवण्यासाठी नर्सिंगच्या संशोधनात अर्धप्रायोगिक अभिकल्प सर्रास वापरला जातो. यात विद्यार्थ्यांचे दोन गट असतात. दोन्ही गटांची आधी परीक्षा घेतली जाते, तिला पूर्वचाचणी म्हणतात. मग एका गटाला नव्या पद्धतीने शिकवले जाते, तो प्रायोगिक गट. दुसऱ्याचे नेहमीचेच शिक्षण चालू राहते, तो नियंत्रित गट. शेवटी दोघांचीही पुन्हा परीक्षा होते, ती उत्तरचाचणी. ‘अर्ध’ हे विशेषण एवढ्यासाठीच की कोणता विद्यार्थी कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नसते. गट आधीपासून असतात तसेच घेतले जातात : एक कॉलेज आणि दुसरे कॉलेज, किंवा एक तुकडी आणि दुसरी तुकडी.

डोनाल्ड कॅम्पबेल आणि ज्युलियन स्टॅन्ली या अमेरिकन अभ्यासकांनी १९६३ साली शिक्षणविषयक संशोधनाच्या एका मोठ्या ग्रंथात लिहिलेल्या प्रकरणात संशोधनाच्या अनेक आराखड्यांची छाननी केली. त्यांच्या यादीतला दहाव्या क्रमांकाचा आराखडा तो हाच. ‘असमान नियंत्रित गटाचा आराखडा’ असे त्याचे नाव त्यांनी ठेवले. त्यांची चिन्हे आजही एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधांत तशीच्या तशी येतात :

```
O1   X   O2
- - - - - -
O3       O4
```

यात O म्हणजे मोजमाप आणि X म्हणजे नवा उपक्रम. वरची ओळ प्रायोगिक गटाची, खालची नियंत्रित गटाची. मधल्या तुटक रेषेकडे घाईत वाचणाऱ्याचे लक्ष जात नाही, पण या आकृतीतले सर्वांत महत्त्वाचे चिन्ह तेच आहे. हे दोन गट सुरुवातीला सारखे असल्याची कोणतीही हमी नाही, असे ती सांगते. पुढची सगळी काळजी आणि सगळे हिशेब त्या रेषेपोटी करावे लागतात.

एक उदाहरण सविस्तर घेतले की हे स्पष्ट होते. उदाहरण कल्पित आहे आणि त्यातले गुणही समजावून सांगण्यापुरते घेतलेले आहेत. विषय मात्र प्रत्येक वॉर्डातला आहे : औषधाच्या मात्रेचा हिशेब. डॉक्टरांनी ५०० मिलीलिटर सलाइन ४ तासांत द्यायला सांगितले आहे आणि सेट असा आहे की त्यातून एका मिलीलिटरला २० थेंब पडतात. मग मिनिटाला किती थेंब सोडायचे? एकूण १०,००० थेंब २४० मिनिटांत सोडायचे, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२. किंवा जेंटामायसिनच्या अँप्यूलवर २ मिलीलिटरमध्ये ८० मिलिग्रॅम असे लिहिलेले आहे आणि रुग्णाला ६० मिलिग्रॅम द्यायचे आहे, तर सिरिंजमध्ये १.५ मिलीलिटर भरायचे. फळ्यावर सूत्र पाठ केलेला विद्यार्थीही इथे अडखळतो. तासांची मिनिटे करायची राहून जातात, किंवा मिलिग्रॅमचा आकडा मिलीलिटर समजून भरला जातो. प्रत्यक्ष सेट, सिरिंज, अँप्यूल आणि घड्याळ हाताशी घेऊन तासतासाची चार सत्रे घेतली तर या चुका कमी होतील का, हा अभ्यासाचा प्रश्न.

इथे चिठ्ठ्या का टाकता येत नाहीत? एकाच वर्गातले निम्मे विद्यार्थी नव्या सत्रांना बसवले आणि निम्मे नाही, तर संध्याकाळी हॉस्टेलवर सगळे एकत्रच अभ्यासाला बसतात. सत्रात दिलेली गणिते रात्रीपर्यंत वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतात. मग नियंत्रित गटालाही उपक्रमाचा काही भाग मिळतो आणि खरा फरकही पुसट होतो. शिवाय वर्गाचे वेळापत्रक आणि वॉर्डातल्या ड्युट्या तुकडीनुसार लागलेल्या असतात, त्या मोडणे कोणत्याही प्राचार्यांना परवडत नाही. म्हणून दोन स्वतंत्र कॉलेजे निवडली जातात. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न, एकच अभ्यासक्रम असलेली, एकमेकांपासून दूर असलेली दोन कॉलेजे घेतली आणि दोन्हींतले बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाचे वर्ग घेतले, तर निदान अभ्यासक्रम आणि सत्र यांत फरक राहत नाही. प्रवेशाची गुणवत्ता, शिक्षकांची संख्या, जोडलेल्या रुग्णालयातली गर्दी यांतला फरक मात्र राहतोच. तो नाहीसा करता येत नसेल तर मोजून लिहून ठेवावा लागतो : बारावीचे गुण, माध्यम, आधीच्या सत्राचा निकाल.

आता गुण पाहू. प्रत्येक गटात ५० विद्यार्थी, चाचणी २० गुणांची. प्रायोगिक गटाची पूर्वचाचणीतली सरासरी ९.२ आणि उत्तरचाचणीतली १४.६. नियंत्रित गटाची आधी १०.४ आणि नंतर १२.१.

या चार आकड्यांतून तीन वेगवेगळी उत्तरे निघतात. फक्त प्रायोगिक गट पाहिला तर ५.४ गुणांची वाढ दिसते. फक्त शेवटच्या परीक्षा पाहिल्या तर दोन गटांत २.५ गुणांचा फरक दिसतो. आणि दोन्ही गटांच्या वाढींची तुलना केली, म्हणजे ५.४ मधून १.७ वजा केले, तर ३.७ येतात. पहिल्या उत्तराने उपक्रमाचे श्रेय फुगते, कारण काहीही नवे न शिकवता नियंत्रित गटही १.७ गुणांनी वर गेला आहे. दुसऱ्या उत्तराने श्रेय घटते, कारण प्रायोगिक गटाची सुरुवातच १.२ गुण मागून झाली होती. तिसरे उत्तर या दोन्ही गोष्टी हिशेबात धरते. दोन गट आणि दोन चाचण्या असा चार कप्प्यांचा खटाटोप या तिसऱ्या उत्तरासाठीच केलेला असतो.

नियंत्रित गटाचे १.७ गुण वाढले कशामुळे, हेही पाहण्यासारखे आहे. मधल्या महिन्यात औषधशास्त्राचे नेहमीचे तास झाले. वॉर्डातल्या ड्युटीत सिस्टरांनी सलाइनचे थेंब मोजायला लावले. पूर्वचाचणी दिल्यामुळेच काही जणांना आपले कुठे चुकते ते कळले आणि त्यांनी पुस्तक उघडून पाहिले. दुसऱ्यांदा तोच साचा समोर आल्यावर भीतीही कमी झाली. यातली प्रत्येक गोष्ट प्रायोगिक गटातही घडलेली असणार. नियंत्रित गट नसता, तर हे सारे नव्या सत्रांच्या खात्यावर जमा झाले असते. एकाच गटाची आधी आणि नंतर परीक्षा घेऊन ‘कार्यक्रम परिणामकारक ठरला’ असा निष्कर्ष काढणाऱ्या प्रबंधांचा दुबळेपणा इथे आहे. काही शिकवल्यावर गुण वाढणारच. प्रश्न असतो तो, तसेही जेवढे वाढले असते त्याहून किती जास्त वाढले, हा.

सरासरीकडे परत येण्याची प्रवृत्ती हा याहून चकवणारा प्रकार. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली आईवडील आणि मुले यांच्या उंचीच्या अभ्यासात ती दाखवली होती. पूर्वचाचणीत ८ पेक्षा कमी गुण मिळालेल्यांनाच प्रायोगिक गटात घेतले, तर त्यांत खरोखर कच्चे विद्यार्थी असतात, तसेच त्या दिवशी ताप असलेले, रात्रपाळी करून आलेले किंवा प्रश्न चुकीचा वाचलेलेही असतात. दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी हा योग पुन्हा जुळून येत नाही, आणि कोणी काहीही न शिकवता गटाची सरासरी वर सरकते. नियंत्रित गट सरसकट वर्गातून घेतलेला असेल तर तो या चुकीपासून वाचवू शकत नाही, कारण त्याची सरासरी मुळात तळाला नव्हतीच. म्हणून ‘कमकुवत विद्यार्थ्यांसाठी विशेष कार्यक्रम’ अशा अभ्यासात दोन्ही गट एकाच निकषाने निवडावे लागतात.

चाचणीचा कागदही तपासून घ्यावा लागतो. २० प्रश्न विषयाला धरून आहेत का, हे औषधशास्त्र आणि नर्सिंग शिक्षण जाणणारे पाच-सात तज्ज्ञ स्वतंत्रपणे सांगतात. मग अभ्यासात नसलेल्या दुसऱ्याच वर्गाला ती चाचणी देऊन पाहिली जाते. जो प्रश्न सगळ्यांना येतो आणि जो कोणालाच येत नाही, असे दोन्ही प्रश्न निरुपयोगी, कारण त्यांच्यातून फरक दिसत नाही. बरोबर-चूक अशा गुणांच्या चाचणीची विश्वसनीयता कूडर-रिचर्डसनच्या सूत्राने काढतात आणि ती ०.७० च्या वर असावी असा प्रघात आहे. पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी यांत तेच आकडे ठेवले तर उत्तरे आठवणीतून येतात. यावर उपाय म्हणजे समान अवघडपणाचे दोन संच करणे आणि प्रत्येक गटातल्या निम्म्यांना आधी पहिला, निम्म्यांना आधी दुसरा देणे. दोन्ही कॉलेजांत परीक्षा एकाच दिवशी, एकाच वेळेत व्हावी. उत्तरपत्रिकांवर नाव किंवा कॉलेज नसावे, फक्त सांकेतिक क्रमांक असावा, आणि सत्रे घेतलेल्या शिक्षिकेकडे त्या तपासायला देऊ नयेत. चाचणी लेखी नसून कौशल्याची असेल, उदाहरणार्थ सलाइन लावून थेंब जुळवून दाखवणे, तर ही खबरदारी दुप्पट लागते. निरीक्षकाला गट ठाऊक असला की शंकेचा फायदा नकळत एका बाजूला झुकतो.

आकडेमोडीत एक चूक इतकी रुळली आहे की मार्गदर्शकही ती खपवून घेतात. पद्धत अशी : प्रायोगिक गटाच्या आधीच्या आणि नंतरच्या गुणांवर युग्मित टी-चाचणी लावायची, मग नियंत्रित गटावर तीच वेगळी लावायची. पहिल्यात फरक ‘सार्थ’ आला आणि दुसऱ्यात नाही, की उपक्रम यशस्वी म्हणून जाहीर करायचे. यात काय बिघडते ते पाहा. समजा दोन्ही गट २५-२५ विद्यार्थ्यांचे आहेत. प्रायोगिक गट २.० गुणांनी वाढला आणि त्याचे पी-मूल्य ०.०३ आले. नियंत्रित गट १.६ गुणांनी वाढला आणि त्याचे ०.०८ आले. ०.०५ ची रेघ मधून जाते म्हणून एक पास आणि एक नापास. पण दोन्ही वाढींतला फरक अवघा ०.४ गुणांचा आहे, आणि त्या फरकाची थेट चाचणी घेतली तर हाती काहीच लागत नाही. प्रश्न दोन गटांच्या तुलनेचा असताना उत्तर मात्र प्रत्येक गटाला स्वतःशीच ताडून काढलेले असते. मग नियंत्रित गट घेतला काय आणि न घेतला काय, सारखेच.

योग्य मार्ग दोन आहेत. एक म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याची वाढ काढून दोन गटांच्या सरासरी वाढींची तुलना करणे. वरच्या मोठ्या उदाहरणातले ३.७ असेच आले. दुसरा म्हणजे सहप्रचरण विश्लेषण. यात उत्तरचाचणीतल्या गुणांची तुलना पूर्वचाचणीतल्या गुणांचा प्रभाव वजा करून होते. समजा दोन्ही गटांत असे दिसले की पूर्वचाचणीत एक गुण जास्त असलेल्या विद्यार्थ्याला उत्तरचाचणीत सरासरी ०.६ गुण जास्त मिळतात. प्रायोगिक गट १.२ गुणांनी मागे होता, त्याची भरपाई ०.७२ गुणांची. ती २.५ मध्ये मिळवली की फरक सुमारे ३.२ येतो.

एकच माहिती, दोन रीतसर पद्धती, आणि उत्तरे ३.७ व ३.२. चिठ्ठ्या टाकून गट केले असते तर दोन्ही पद्धती एकाच सत्याचा अंदाज देतात, आणि सहसा दुसरी अधिक नेमका देते. गट मुळातच वेगळे असले की त्यांची उत्तरे फाकतात. फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९६७ साली हा पेच मांडला, म्हणून त्याला लॉर्डचा विरोधाभास म्हणतात. उपक्रम नसता तर दोन गटांमधली दरी तशीच राहिली असती, असे पहिली पद्धत गृहीत धरते. दुसरीचे गृहीत असे की सुरुवातीला सारखे गुण असलेले दोन विद्यार्थी, कॉलेज कोणतेही असले तरी, सारखेच पुढे गेले असते. कोणते गृहीत खरे, हे गुणपत्रकावरून कळत नाही, त्यासाठी कॉलेजांची माहिती लागते. म्हणून कोणती पद्धत वापरणार हे चाचणी घेण्याआधीच लिहून ठेवावे आणि दुसरीचे उत्तरही शेजारी द्यावे. इथे दोन्ही उत्तरे एकाच दिशेची आणि एकमेकांच्या जवळची आहेत, तेव्हा निष्कर्षाला बळ मिळते. एक सकारात्मक आणि दुसरे शून्याजवळ आले असते, तर तेही तितक्याच ठळकपणे लिहायला हवे होते.

विद्यार्थ्यांची संख्या हा या आराखड्याचा सर्वांत नाजूक भाग. मध्यम आकाराचा परिणाम, म्हणजे गुणांच्या प्रमाण विचलनाच्या निम्मा फरक, ८० टक्के खात्रीने टिपायचा तर प्रत्येक गटात सुमारे ६४ विद्यार्थी लागतात, असे पाठ्यपुस्तकातले गणित सांगते. या गणितात प्रत्येक विद्यार्थी दुसऱ्यापासून स्वतंत्र धरलेला असतो. एका वर्गातले विद्यार्थी तसे नसतात. शिक्षक एकच, वॉर्ड एकच, वातावरणही एकच. वर्गामुळे येणारे साम्य केवळ ०.०५ इतके धरले, तरी ५० जणांच्या वर्गात माहितीचे वजन ३.४५ पटींनी घटते आणि ५० विद्यार्थ्यांची किंमत १४-१५ स्वतंत्र विद्यार्थ्यांएवढी उरते.

खरी अडचण त्याच्याही पुढची आहे. प्रत्येक बाजूला एकच कॉलेज असेल तर ‘नव्या सत्रांचा परिणाम’ आणि ‘त्या कॉलेजचा परिणाम’ हे संगणकातल्या कोणत्याही सूत्राने वेगळे करता येत नाहीत. प्रायोगिक कॉलेजात त्याच महिन्यात नवी, तळमळीने शिकवणारी शिक्षिका रुजू झाली असेल, किंवा जोडलेल्या रुग्णालयाने औषधांच्या चुकांबद्दल मोहीम सुरू केली असेल, तर ३.७ गुणांतला काही भाग तिचा असतो. प्रत्येक बाजूला तीन-चार कॉलेजे घेणे हा भक्कम इलाज आहे. तो एकट्या एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीच्या आवाक्याबाहेरचा, पण अनेक कॉलेजे मिळून सहज करू शकतील असा. आवाक्यातला इलाज म्हणजे दोन्ही कॉलेजांत महिनाभर नोंदवही ठेवणे : कोणते जादा तास झाले, कोण पाहुणे आले, ड्युट्या कुठे लागल्या. आणखी एक चांगली युक्ती आहे. चाचणीत मात्रेच्या हिशेबाबरोबर नव्या सत्रांत न शिकवलेल्या विषयाचेही दहा प्रश्न घालावेत, उदाहरणार्थ जंतुसंसर्ग नियंत्रणाचे. त्यांतही प्रायोगिक गट तितकाच पुढे गेला तर श्रेय सत्रांचे नाही, कॉलेजात घडलेल्या इतर कशाचे तरी आहे, अशी शंका घ्यावी. फक्त हिशेबातच पुढे गेला तर दावा मजबूत होतो.

मध्येच गळणारे विद्यार्थीही निकाल बदलून टाकतात. चारपैकी दोनच सत्रांना आलेले आणि उत्तरचाचणीला न बसलेले आठ जण वगळून सरासरी काढली, तर बहुधा कच्चे विद्यार्थी वगळले जातात आणि उरलेल्यांची सरासरी आपोआप चढते. किती गळले, कोणत्या गटातून गळले आणि त्यांचे पूर्वचाचणीतले गुण किती होते, हे कोष्टकात दिले की वाचकाला अंदाज येतो. जे आले नाहीत पण उत्तरचाचणीला बसले, त्यांना प्रायोगिक गटातच मोजायचे.

संशोधक अनेकदा त्याच कॉलेजची शिक्षिका असते आणि अंतर्गत गुण तिच्याच हातात असतात. अशा वेळी विद्यार्थ्याची संमती मोकळी राहत नाही. म्हणून संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची परवानगी घेतल्यावर संमतीपत्र दुसऱ्या कोणी तरी घ्यावे, चाचणीचे गुण अंतर्गत मूल्यमापनात धरले जाणार नाहीत हे लेखी द्यावे आणि नकार देणाऱ्याचे नाव संशोधिकेपर्यंत पोहोचू नये. नियंत्रित गटाला नेहमीचे शिक्षण पूर्ण मिळालेच पाहिजे, आणि उत्तरचाचणी संपल्यावर तीच चार सत्रे त्यांच्यासाठीही घ्यावीत. उपयुक्त शिक्षण एका वर्गाला कायमचे नाकारणे समर्थनीय नाही.

उत्तरचाचणी कधी घ्यायची, याचाही निकालाशी थेट संबंध आहे. शेवटच्या सत्राच्या दुसऱ्याच दिवशी घेतलेली चाचणी ताजी आठवण मोजते. आठ आठवड्यांनी तिसरी चाचणी घेतली तर शिकलेले टिकले का हे कळते, आणि वाढलेल्या गुणांतला काही भाग ओसरलेला दिसला तर तो लपवण्याचे कारण नाही. पण लेखी गुण वाढले म्हणजे वॉर्डात चुका कमी झाल्या असे होत नाही. त्यासाठी वॉर्डातच मोजायला हवे, आणि तो वेगळा अभ्यास ठरतो.

चिठ्ठ्यांशिवाय केलेल्या अशा अभ्यासांचा अहवाल कसा लिहावा यासाठी २००४ साली ‘ट्रेंड’ नावाची तपासणी-सूची प्रसिद्ध झाली. गट कसे ठरले, सुरुवातीला ते कुठे सारखे आणि कुठे वेगळे होते, विश्लेषणाचा एकक विद्यार्थी होता की वर्ग, हे सारे ती विचारते. उदाहरणातल्या अभ्यासाचा प्रामाणिक निष्कर्ष मग असा लिहावा लागेल : या दोन कॉलेजांत, नेहमीच्या शिकवण्याच्या तुलनेत, प्रत्यक्ष साहित्य घेऊन केलेल्या चार सत्रांनंतर मात्रेच्या हिशेबाचे गुण सुमारे ३ ते ४ ने जास्त वाढले, कॉलेजांतल्या इतर फरकांचा यातला वाटा पूर्णपणे वेगळा काढता आलेला नाही. नर्सिंगचा प्रबंध हातात घेणाऱ्याने, मग तो परीक्षक असो वा विद्यार्थी, निष्कर्षाच्या पानावर दोन्ही गटांच्या वाढींतला फरक आधी शोधावा. तो आकडा तिथे नसेल आणि त्याच्या जागी दोन स्वतंत्र टी-चाचण्या असतील, तर विश्लेषण नव्याने करून मागवावे.